बारा ग्रॅम

फाटकाशी येताच मापाडीकाकांनी स्वतःहून दोन्ही खिसे उलटे केले. एकातून चष्म्याचं फडकं निघालं, दुसऱ्यातून पेन्सिलीचं थोटूक. पहारेकऱ्याने झडती मागितलीच नव्हती. तो ओशाळून आभाळाकडे बघू लागला, जणू तिकडून एखादा ट्रक येणार होता. काकांनी खिशांची अस्तरं तशीच लोंबती ठेवली आणि ते सावकाश बाहेर पडले.

मागे उभी असलेली कारकूनबाई पिशवीचा बंद उगाच सोडत-बांधत राहिली.

गोदामात ती नवीन होती, म्हणजे वर्ष भरायचं होतं अजून. तिला काम शिकवलं ते काकांनी. गोदाम असं अवाढव्य, की एका टोकाला शिंकलेल्या माणसाची सर्दी दुसऱ्या टोकाला शिंक पोचेपर्यंत बरी झालेली असे. त्यात कुठल्या खणात काय आहे, हे काका डोळे मिटून सांगत. पहिल्या महिन्यात ती रोज रडवेली घरी जायची आणि रोज सकाळी परत यायची, ती काकांच्या जिवावर. चूक झाली की ते म्हणत, "खण काही पळून जात नाही. पुन्हा मोज."

आता तेच काका चोर ठरायच्या बेतात होते. काही महिन्यांपासून किरकोळ मालाच्या मोजणीत तूट येत होती. कधी रबरी वॉशर कमी, कधी क्लिपा, कधी स्क्रू. मूठभरसुद्धा नाही, चिमूटभरच. पण थांबायचं नाव नाही. किरकोळ माल काट्यावर तोलून बाहेर जाई आणि काट्यावर काका एकटेच. साहेब माणूस वाईट नव्हता. बोलण्याआधी इतका मोठा उसासा टाकायचा, की समोरचे कागद आपले आपण चाळले जात. त्या दिवशी तीन उसासे टाकून त्याने सांगितलं होतं, की शनिवारपासून काट्यावर दुसरा माणूस बसेल आणि वरच्या कार्यालयाला चोरीचं पत्र जाईल. काकांच्या निवृत्तीला उरले होते दोन महिने.

खरं सांगायचं तर तिच्याही मनात पाल चुकचुकली होती. कमी होत होतं ते सगळं हलकं, खिशात मावेलसं. जड नटांना कोणी हात लावत नव्हतं. त्या विचाराची तिला इतकी लाज वाटली, की दुसऱ्या दिवशी काम बाजूला सारून ती खणांपुढे फतकल मारून बसली. माल तोलायला जाण्याआधी खण हाताने मोजायचा, माल गेला की उरलेलं पुन्हा मोजायचं. दुपारपर्यंत बोटं काळी झाली.

सकाळी वॉशर पाचशे गेले होते. खणातून मात्र पाचशेबारा. दुपारी दोन हजार गेले, तेव्हाही जास्तीचे गेले ते बाराच.

ती थबकली. पाचशेंना बारा, तर दोन हजारांना चौपट जायला हवे होते. हा कसला चोर, जो भरल्या ताटातून आणि रिकाम्या ताटातून एकच घास उचलतो?

मग तिने क्लिपा पाहिल्या. दर खेपेला चार जास्त. स्क्रू तीन. छोटे बोल्ट दोन. वॉशरचं वजन एक ग्रॅम, क्लिपचं तीन, स्क्रूचं चार, बोल्टचं सहा. तिने पुठ्ठ्याच्या कडेला गुणाकार केले आणि पुन्हा केले. चारही ठिकाणी उत्तर एकच आलं. बारा ग्रॅम. जड नट साठ ग्रॅमचा. बारा ग्रॅमने त्याच्या हिशेबाला धक्का कसा लागणार?

नग मोजून कोणी नेत नव्हतं. वजन जात होतं, दर तोलाला तेवढंच. आणि माल जिथे पोचे, तिथून कधी तक्रार आली नव्हती, कारण जास्त आल्याची तक्रार करणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

ती काट्याकडे गेली. काका नग मोजत ते असे: माल पत्र्याच्या ट्रेमध्ये भरायचा, ट्रे काट्यावर ठेवायचा आणि ट्रेचं बटण दाबायचं. मग काटा ट्रेचे आठशे चाळीस ग्रॅम आपोआप वजा करी आणि उरलेल्या वजनाला एका नगाच्या वजनाने भागून आकडा दाखवी. आठशे चाळीस हा आकडा ट्रेच्या पोटावर रंगवलेला होता, काट्यालाही तोच शिकवलेला. रिकामा ट्रे कोणी कशाला तोलेल?

तिने तो ठेवून बटण दाबलं. काट्याने दाखवलं, उणे बारा.

म्हणजे ट्रेच हलका झाला होता. काटा मात्र जुन्याच वजनावर अडून बसलेला. त्यामुळे दर वेळी त्याला माल बारा ग्रॅम कमी दिसे आणि काका बिचारे आकडा पुरा होईपर्यंत वरून टाकत जात.

तिने ट्रे उचलून फिरवला. तीन कोपऱ्यांना पत्र्याचे टोकदार कान होते. चौथा कापून, कानशीने घासून गुळगुळीत केलेला. काकांना ट्रे उचलून देताना ती नेहमी धरायची तो हाच कोपरा. पहिल्या महिन्यात त्याने दोनदा तिचा अंगठा फाडला होता. नंतर लागेनासं झालं, तेव्हा आपला हात बसला म्हणून ती मनाशी खूश झाली होती.

काका मागे येऊन उभे होते.

"हा कोपरा कुणी कापला, काका?"

"मीच. तुझा अंगठा खात होता ना मेला."

"मला वाटलं, माझा हात बसला."

"बसलाय की. नाहीतर बाकीच्या तिघांनी सोडलं असतं का तुला?"

मग त्यांची नजर काट्यावरच्या आकड्याकडे गेली. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच होता.

"जन्मभर लोकांचा माल तोलला," ते हळूच म्हणाले, "आणि एवढा तुकडा तेवढा तोलायचा राहिला."

"कुठे आहे तो?"

काकांनी नुसती मान तिच्या टेबलाकडे वळवली. टेबलाचा एक पाय पूर्वी डुगडुगायचा. आता त्याखाली दुमडलेल्या पत्र्याची पाचर होती. याच टेबलावर तिने महिनोन् महिने तुटीचे आकडे लिहिले होते, एकही अक्षर न हलता.

साहेबाला बोलावलं. तिने उणे बारा दाखवलं, मग पाचर रिकाम्या ट्रेमध्ये ठेवली. काटा क्षणभर थरथरला आणि शून्यावर स्थिरावला. साहेबाने तो तुकडा स्वतः उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. उणे बारा, शून्य, उणे बारा.

पत्र जाणार नाही, तो म्हणाला. आणि काकांकडे न बघता पुढे म्हणाला, की त्याने आधीच विचारायला हवं होतं. काट्याला ट्रेचं नवं वजन शिकवा, ट्रेवरही तेच रंगवा, आणि हा तुकडा पुरावा म्हणून फाइलला लावा. ती तसं लिहायला बसली. टेबल डुगडुगलं, पेन घसरलं आणि साहेबाच्या नावाला शेपूट फुटलं. साहेबाने असा उसासा टाकला, की गोदामातली धूळ जागा बदलून बसली. मग तो आपलं एवढं मोठं पोट सांभाळत गुडघ्यांवर बसला आणि पाचर टेबलाच्या पायाखाली सारली.

संध्याकाळी फाटकाशी रांग लागली. पुढे काका, मागे ती. पहारेकऱ्यापाशी येताच काकांचे हात सवयीने खिशांकडे गेले.

"काका, जरा धरा हो," म्हणत तिने पिशवी त्यांच्या एका हातात दिली, छत्री दुसऱ्या हातात आणि पिशवीवर डबा.

"आणि तू काय धरणार?"

फाटक ओलांडून रस्ता वळेपर्यंत ती आपल्या चपलेचा पट्टा सारखा करत, रमतगमत, त्यांच्या मागून चालत राहिली.