परतीचं पाणी आठ अंश

दवाखान्याची नवी इमारत रंगरंगोटी होऊन तयार होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वांत वरच्या मजल्यावर नवजात बाळं हलवायची होती. अडलं होतं ते वातानुकूलनाची तपासणी करणाऱ्या बाईच्या अहवालावर.

"पोरी, घोडं कुठं पेंड खातंय?" पाइपवाले काका म्हणाले. ते तिच्या वडिलांचे जुने सोबती, त्यामुळे 'मॅडम' त्यांच्या तोंडी कधी आलंच नाही. "आराखड्यात सेकंदाला सहा लिटर पाणी. मोजलं तर सहाच्या थोडं वरच. लिही 'समाधानकारक'!"

"पाणी येतंय काका, पण काम करत नाहीये. सात अंशांचं थंड पाणी आत जातं, आठचं होऊन बाहेर येतं. आणि हवा एकोणीस अंशांची, हवी तेरा."

"इमारत रिकामी आहे. उष्णताच नाही, तर पाणी तापेल कशानं?"

"मग खालचे मजलेही रिकामेच आहेत. तिथं पाणी दहाचं होऊन परततं, हवा तेराची मिळते. पोरगं रोज शाळेत जातं, हजेरी पूर्ण, पण पाटी कोरी. तर मग ते वर्गात बसतं की मागच्या दारानं पळतं, बघायला नको?"

काका हसले, पण शिडी त्यांनीच धरली. वर चढून तिनं छताच्या फळ्यांमागं विजेरी फिरवली. पाइप धुताना घाण आत जाऊ नये म्हणून, हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या कॉइलच्या अलीकडे जाणारा नि परतीचा पाइप जोडून ठेवलेला. धुणं संपलं, पण त्या जोडणीचा व्हॉल्व्ह उघडाच राहिला होता. बरंचसं पाणी कॉइलला न शिवता माघारी फिरत होतं.

"हे बघा मागचं दार!"

काकांनी व्हॉल्व्ह बंद केला. प्रवाह धाडकन साडेतीनवर आला.

"झालं! आधी निदान आकडा तरी छान होता," ते कपाळावर हात मारून म्हणाले.

"आता खरा आकडा दिसतोय. कॉइलच्या तोंडची जाळी काढा."

जाळीत वेल्डिंगची खपली, वाळू आणि चिंधी निघाली. काकांचा चेहरा उतरला. पाइप जोडणारी, धुणारी माणसं त्यांचीच होती. त्यांनी जाळी स्वतः घासली, प्रवाह पुन्हा जुळवून घेतला. पाच पूर्णांक नऊ. परतीचं पाणी दहा. थोड्या वेळानं हवा तेरा.

"आता तरी 'सगळं पूर्ण' लिहिशील ना?"

"बाळं उद्या येऊ देत," ती लिहिता लिहिता म्हणाली. "पण दोन मुद्दे उघडे राहणार. जाळी आठवड्यानं पुन्हा उघडून बघायची. आणि खाटा भरल्यावर, भर उन्हाळ्यात, परतीचं पाणी आराखड्यातल्या बारा अंशांवर जातं का, ते मोजायचं. ते आज कुणालाच माहीत नाही."

"बापावर गेलीस अगदी! जाळीपुढं माझंच नाव घाल. आणि उन्हाळ्यात येशील तेव्हा शिडी मीच धरीन."