रात्री दोनचं बिल्ड

हे कुणालाच पटणार न्हाई, पण परभणीच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत एका चाचणीसाठी मी पुण्याच्या मॅनेजरशी भिडलो. आमचा प्रोग्रॅम बाजारात कापसाच्या पावत्या करतो. झटपट चाचण्या दिवसभर चालतात. अख्ख्या हंगामाच्या पावत्या तपासणारी संथ चाचणी तेवढी नाइटली बिल्डमध्ये, म्हणजे रोज एकदा अख्खा प्रोग्रॅम नव्यानं बांधून तपासतात तेव्हा, आणि तिचा निकाल आपोआप टीमच्या ग्रुपवर पडतो. आठवडाभर तो लालच, म्हणजे नापासच होता.

मॅनेजरचा फोन आला. "भुजंगराव, ती चाचणी काढून टाका. मोठे साहेब ग्रुप बघतात."

"पावतीत वजन चुकायलंय, साहेब. ती चाचणी तेच बोंबलून सांगायली. तिला काढायचं तर मलाबी काढा."

"उद्या हिरवं दिसलं नाही, तर दोघंही जाल."

मग काय, रात्री दोनला मी हापिसात एकटा. बिल्ड सुरू झालं तशी चूक हुडकली, चालत्या बिल्डमध्येच दुरुस्ती घुसवली आणि लालाचं हिरवं होताना ह्याच डोळ्यांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी हे सगळ्यांना रंगवून सांगायलो होतो. आमची प्रोग्रॅमर निकिता कप खाली ठेवून म्हणाली, "काका, बिल्डची वेळ यूटीसीत, म्हणजे लंडनकडच्या जागतिक वेळेत लावलेली हाय. तिथले दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. चालत्या बिल्डमध्ये नवा कोड शिरत न्हाई. दुरुस्ती मी सातला टाकली, म्हणून निकाल हिरवा आला. साहेबाशी भांडलात तेवढं खरं, बाकी सगळी थाप मारायलाव तुमी."