आजारपणाच्या पाकिटातले दाजी

टक्. दुपारच्या सामसुमीत डब्याचं झाकण उघडलं, आणि मी चटईवरून ताडकन उठून बसले.

आमच्या घरात बिस्किटांचा एकच पत्र्याचा डबा आहे. त्यात बिस्किटं कधीच नसतात, पाकिटं असतात. सात तारखेला पगार होतो. त्या संध्याकाळी आमचे हे चटईवर मांडी घालून बसतात आणि दोनशे पंच्याऐंशी रुपये त्या पाकिटांत वाटून टाकतात. भाडं, वाणी, दूध, रॉकेल, गावी सासूबाईंना मनीऑर्डर. बचतीचे वीस डब्यात राहतच नाहीत, दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात जातात. "डोळ्यासमोर राहिले तर ते बचत नव्हेत, आमिष," असं ह्यांचं म्हणणं. जे खर्च वर्षातून एकदाच येतात, म्हणजे गणपतीला गावी जाणं, दिवाळी, मामंजींचं श्राद्ध, त्यांची वर्षाची रक्कम काढून बाराने भागायची आणि महिन्याचा एकेक वाटा त्या त्या पाकिटात टाकायचा. कधी येतील ते सांगता येत नाही, अशांची पाकिटं दोन. आजारपण आणि पाहुणे.

हे भाईंदरच्या एका भांड्यांच्या कारखान्यात स्टोअरकीपर आहेत. स्लिपशिवाय तिथं साधा वायसर हलत नाही. घरीही तसंच. एका पाकिटातून दुसऱ्याला उसने द्यायचे तर स्लिप लिहायची, त्यावर कारण घालायचं आणि दोघांच्या सह्या. पुढच्या पगाराला पहिले ते परत. लग्नात मला मंगळसूत्र मिळालं आणि सहीचा अधिकार. दुसऱ्याचा उपयोग मी क्वचितच केला होता.

तर झाकण वाजलं. हे डब्यापुढे उकिडवे बसले होते आणि त्यांच्या हातात 'जून' होतं.

'जून' म्हणजे सुलूची शाळा. पाचपाच करत वर्षात साठ रुपये जमले होते. प्रवेश, दोन गणवेश, पुस्तकं, रेनकोट. नाव घालायची शेवटची तारीख एक जून. पगार सातला. म्हणजे आत्ता त्या पाकिटातून जे जाईल ते वेळेवर परत येणारच नव्हतं, आणि आमची सुलू वर्षभर चाळीच्या पायरीवर बसून दुसऱ्यांच्या पोरांची दप्तरं बघत राहिली असती.

"ठेवा ते," मी म्हटलं.

"अगं, हळू. काका ऐकतील."

काका म्हणजे दाजी, ह्यांचे चुलते. काल एक फणस खांद्यावर घेऊन लांज्याहून आले होते. आठ दिवस राहायचं म्हणाले. साठीचे, पण स्टेशनपासून मोरव्याच्या वाटेवरच्या आमच्या चाळीपर्यंत डोक्याला मुंडासं आणि खांद्यावर फणस अशी पायपीट केली, आणि आल्याआल्या आठ भाकऱ्या खाल्ल्या. पाहुण्यांचं पाकीट मात्र रिकामं. मे महिन्याच्या सुरुवातीला वन्सं पोरांना घेऊन राहून गेल्या होत्या.

"स्लिप लिहिलीय," हे म्हणाले. "कारण, पाहुणे. तू फक्त सही कर."

"मी नाही करायची."

"मग काय, काकांना उपाशी ठेवू?"

"आजारपणात छत्तीस रुपये पडलेत. चार महिने कुणी साधं शिंकलंसुद्धा नाही."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कारखान्याची तिजोरी फोडायला सांगितली. "आजारपण आजाऱ्यासाठी आहे. काका कुठं आजारी आहेत?"

खाटेवरून आवाज आला, "अरे नाथा, मग पडतो की मी आजारी! त्यात काय एवढं?"

दाजी जागे होते. सगळं ऐकलं होतं. आणि त्यांना राग नाही, उलट हुरूप आला होता.

मी हसले. हे हसले नाहीत. त्यांनी स्लिपवरचं 'पाहुणे' खोडून 'आजारपण' लिहिलं, आणि मग पेन तोंडाजवळ धरून विचारलं, "काका, काय होतंय तुम्हाला? कारण लिहावं लागतं."

"लिही काहीही."

"काहीही कसं? पोटाचं लिहिलं तर मऊ भातच द्यावा लागेल. तापाचं लिहिलं तर पेज."

दाजी खाटेवर उठून बसले. "पेज? मी पेज प्यायला लांज्याहून आलोय?"

म्हणजे ज्यात मासळी चालते असा आजार हवा होता. हे खरोखर विचारात पडले. तेवढ्यात दारात ॲलिस आली. उत्तनहून मासळीची पाटी घेऊन ती दर दोन दिवसांनी चाळीत येते. ह्यांनी तिलाच विचारलं.

"अशक्तपनाला मासली लागते," ती म्हणाली. "कालवांचा रस्सा द्या, मुडदा उभा रावंल. कोन हाय अशक्त?"

ह्यांनी खाटेकडे बोट दाखवलं. ॲलिसने दाजींचे दंड पाहिले, मांड्या पाहिल्या, कपाळावरची घामाने चमकणारी तुकतुकी पाहिली.

"हा अशक्त हाय? मंग माजा नवरा मेलेला हाय!"

पण कालवं तिने दिली. पैसे आजारपणातून गेले, स्लिपवर माझी सही.

खरी पंचाईत पुढे झाली. ह्यांचं म्हणणं, आजाऱ्याच्या पाकिटातून जेवायचं तर आजाऱ्यासारखं राहायला हवं, नाहीतर ती अफरातफर. म्हणून भर मे महिन्यात दाजींच्या अंगावर चादर. बाहेर मिठागरांवरून ऊन आत येतंय आणि दाजी चादरीखाली कालवं चोखतायत. अंगणात फिरायचं तर भिंतीला धरून.

चाळीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. पहिल्या शेजारच्या विमलाबाई आल्या, शहाळं घेऊन.

"काय हो हे दाजी! काल तर फणस फोडत होतात."

"त्यानंच घात केला," दाजी खोल आवाजात म्हणाले.

मग सगळी चाळच आली. कुणी मोसंबी, कुणी केळी. आलेल्याला चहा द्यायलाच हवा. त्या रात्री हे अंथरुणावर उठून बसले.

"आजाऱ्याला बघायला येतो तो माणूस पाहुणा की आजारपण?"

"झोपा."

"नाही, चहासाखर कुठून घालायची? पाहुण्यांत तर काही नाही."

सकाळपर्यंत त्यांनी निकाल लावला होता. चहा आजारपणाचा, पण आलेली मोसंबीही आजारपणात जमा. त्यामुळे मोसंबी त्यांनी मोजून फळीवर ठेवली. सुलूने एक मागितलं तेव्हा हे तिला मांडीवर घेऊन समजावू लागले, "बाळा, ती आजाऱ्याची आहेत." पोर फळीकडे बघत राहिली. मग खाटेकडे. मग दोन मिनिटांनी येऊन मला म्हणाली, "आई, माझे पाय दुखतात. सगळीकडे दुखतंय." मी तिला माझ्या भाजीच्या पैशांतून केळं घेऊन दिलं. कुठल्या पाकिटातून ते विचारायची ह्यांची हिंमत झाली नाही.

दाजींना मात्र अशक्तपणा मानवला. पहिले दोन दिवस ते चादर झटकून टाकायचे, तिसऱ्या दिवसापासून स्वतःच मागू लागले. शिवा कंपाउंडर येऊन नाडी पाहून गेला आणि काहीतरी म्हणायचं म्हणून "जरा मंद आहे" म्हणाला. झालं. दाजी दिवसातून चारदा स्वतःची नाडी बघायला लागले. टॉनिकची बाटली आली. कोंबडीचा रस्सा आला. आजारपणाचं पाकीट दिवसेंदिवस पातळ होत गेलं, आणि दाजी त्याच प्रमाणात जाड.

तीस तारखेला त्यात आठ आणे उरले.

"काका," हे म्हणाले, "आता तुम्हाला बरं व्हावं लागेल."

"कसा होऊ? अजून घेरी येते." आणि ते खोटं बोलत नव्हते. आठवडाभर आडवं पडल्यावर कुणालाही घेरी येईल. "अजून आठ दिवस तरी. पोरीच्या शाळेचे आहेत ना? घे त्यातले. पोरीची शाळा पुढच्या वर्षी होईल. पोरगी म्हणजे काय रे, चार दिवसांची पाहुणी. शिकून परक्याचंच घर भरणार."

सुलू उंबऱ्यात बसून शंख लावत होती ओळीने. तिने मान वर करून पाहिलं.

हे डब्याकडे गेले. 'जून' बाहेर काढलं. स्लिप लिहिली, कारण, अशक्तपणा. ती माझ्यापुढे धरताना मात्र माझ्या डोळ्यांत बघेनात. चांगला माणूस आहे हो माझा नवरा. फक्त पाकीट रिकामं झालं की त्याचे हातपाय गळतात.

मी पेन घेतलं. सही केली नाही. डबा पुढे ओढला आणि तळचं पाकीट वर काढलं.

"ह्यात अठरा रुपये आहेत," मी म्हटलं. "भाद्रपदापर्यंत कुणाला लागणार नाहीत. दाजींना आठ दिवस पुरतील. कारण मी लिहिते."

हे पाकिटावरचं नाव पुन्हा पुन्हा वाचू लागले. दाजींनी मान उंचावली. "कुठलं आहे ते?"

"श्राद्धाचं," मी म्हटलं. "मामंजींचं. तुम्ही सख्खे भाऊ. त्यातून जेवलात तर त्यांना आनंदच होईल. पण दाजी, कारणाच्या रकान्यात तुमचं नाव घालावं लागेल. पानही तसंच वाढावं लागेल, हे नियमाचे पक्के आहेत. श्राद्धाला वाढतात तसं, उजवीडावी बाजू बदलून."

हे पुटपुटले, "वाढावं लागेल खरं."

दाजींनी चादर फेकली. उठले. घेरी आली नाही. भिंतीला न धरता मोरीपर्यंत गेले, तोंड धुतलं आणि मुंडासं बांधायला लागले.

"आज रात्रीची एसटी मिळेल," म्हणाले. "बरं वाटतंय. एकाएकीच."

विमलाबाई मला म्हणाल्या, तुमच्या हाताला गुण आहे हो. उरलेली मोसंबी मात्र हे दाजींच्या पिशवीत मोजूनच भरत होते.

एक तारखेला मी सुलूला घेऊन शाळेत गेले. साडी नेसताना 'जून' कमरेला खोचलं. गुरुजींनी नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली, पावती दिली. येताना सुलू माझ्या बोटाला धरून उड्या मारत होती. मग उड्या थांबल्या. ती गटारावरच्या फळीवर उभी राहिली आणि म्हणाली,

"आई, दाजीआजोबा आठवडाभर राहिले. मीपण पाहुणी ना? मी किती दिवस राहणार?"