गुडघ्यातून उचललेला चेंडू

टेबल टेनिसच्या क्लबात तिला सगळे वहिनीच म्हणत. प्रशिक्षक तिची धाकटी नणंद. ती वहिनी म्हणे, म्हणून बाकीचेही म्हणू लागले. प्रतिस्पर्धी संघातल्या बायकासुद्धा "वहिनी, सर्व्हिस तुमची" असं म्हणून चेंडू पुढे करत.

वहिनी चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी, आणि दुकान उघडायच्या आधी रोज क्लबात खेळे. गेल्या वर्षी तिच्या उजव्या गुडघ्याचा अस्थिबंध, म्हणजे लिगामेंट, तुटला. शस्त्रक्रिया झाली, व्यायाम झाले. शेवटच्या भेटीत फिजिओथेरपिस्ट म्हणाली, "गुडघा बरा झालाय. आता तुम्ही बऱ्या व्हा."

क्लबाच्या संघात एकच जागा उरली होती. त्या जागेसाठी वहिनीला जिच्याशी खेळायचं होतं, ती तिचीच दुहेरीतली जुनी जोडीदार. तिला भिंत म्हणत. टेबलापासून लांब उभी राहून ती प्रत्येक चेंडू खाली कापत, चॉप करत परत पाठवी. चेंडू उलटा फिरत, म्हणजे बॅकस्पिन घेऊन येई, आणि बॅटला लागला की दगडासारखा खाली जाळ्यात पडे. अशा चेंडूला उत्तर एकच: खालून वर घासून त्याला पुढच्या दिशेने फिरवायचं, म्हणजेच टॉपस्पिन लूप. वहिनीचा लूप एके काळी क्लबात नावाजलेला होता. आता तो निघत नव्हता.

"घरची म्हणून सवलत मिळणार नाही," नणंदेने आधीच सांगून टाकलं.

"मागितली कुणी?" वहिनी म्हणाली.

सकाळी हॉलमध्ये दोघीच असत. नणंद चेंडूंची बादली शेजारी ठेवून एकामागून एक बॅकस्पिनचे चेंडू टाकी. वहिनीचा पहिला चेंडू जाळ्यात. दुसराही. तिसऱ्याला तिने बॅटचं तोंड छताकडे उघडलं. चेंडू गेला पलीकडे, पण उंच, तरंगत, फिरकीशिवाय.

"हा चेंडू भिंत डोळे मिटून मारेल," नणंद म्हणाली. "बॅट उघडली की चेंडू वर जातो, पण फिरत नाही. बॅट जवळजवळ उभी ठेव, वरची कड अगदी किंचित पुढे झुकलेली. आणि चेंडूला चापट नको मारूस. काडेपेटीवर काडी ओढतात तसं त्याच्या पाठीवर घास."

वहिनीने बॅट उभी धरली. चेंडू परत जाळ्यात.

"आता सांग, कोन चुकला का?"

"नाही. कोन बरोबर आहे. मग वर का जात नाही?"

"कारण वर न्यायचं काम तू एकट्या हातावर टाकलंयस. बॅट खालून सुरू व्हायला हवी, गुडघ्याच्या उंचीवरून. तू ती कमरेजवळून सुरू करतेस. आणि खाली जायचं म्हटलं की कमरेत वाकतेस, पडलेली पिन उचलल्यासारखी."

खरं काय ते दोघींना ठाऊक होतं. उजव्या हाताच्या फोरहँडला वजन आधी उजव्या पायावर घ्यावं लागतं, आणि त्याच गुडघ्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. तो दुखत नव्हता. पण तुटताना झालेला आवाज तिच्या कानात अजून होता.

नणंदेने कोपऱ्यातली खुर्ची आणून तिच्या मागे ठेवली. "चेंडू बाजूला ठेव. पाय खांद्यांपेक्षा रुंद, उजवा थोडा मागे. आता बसायला जा, पण बसू नकोस."

वहिनी खाली गेली. मांडी थरथरली.

"छाती वर. आता कंबर उजवीकडे वळव, खांदेही. बॅट आपोआप मागे आणि खाली जाईल. वजन कुठे आहे?"

"उजव्या पायावर."

"तुटला का?"

"नाही."

"मग ढकल जमीन. आधी पाय, मग कंबर, मग खांदा, हात सगळ्यांत शेवटी. बॅट कपाळासमोर येऊन थांबेल, आणि वजन डाव्या पायावर."

त्या सकाळी चेंडू न मारताच तिने हे इतक्या वेळा केलं, की दुकानात उभं राहून काम करताना मांड्या भरून आल्या. मालकीणबाईंनी विचारलं, "बसायला स्टूल देऊ का?" वहिनी म्हणाली, "नको. अर्धवट बसायचीच सवय करतेय."

पुढच्या आठवड्यात पहिला खरा लूप निघाला. चेंडू जाळ्यावरून कमानीत गेला, टेबलावर टप्पा घेऊन पुढे उसळला आणि नणंदेच्या खांद्यावरून मागे गेला. नणंद फक्त म्हणाली, "आणखी एक." आणि बादलीत हात घातला.

निवडीच्या सामन्याला क्लबातले बरेच जण आले होते. अंपायर नणंदच होती. पहिले दोन गेम भिंतीने घेतले. माणसं बघत असताना वहिनीचा गुडघा पुन्हा ताठ झाला. ती चेंडू नुसता ढकलत राहिली, भिंत कापत राहिली, आणि या खेळात भिंतीचा हात कोण धरणार?

मधल्या विश्रांतीत नणंद अंपायरच्या खुर्चीवरून हलली नाही. वहिनीनेही तिच्याकडे बघितलं नाही. पाणी प्यायली, खाली वाकून दोन्ही तळव्यांनी गुडघे दाबले आणि स्वतःशीच पुटपुटली, "जायचा तर जा. पण वाकून जा."

तिसऱ्या गेममध्ये तिने पहिल्याच कापलेल्या चेंडूखाली बैठक घेतली. चेंडू टप्प्यावरून वर आला, किंचित खाली उतरू लागला तशी ती पायातून उठली, कंबर फिरली, बॅट चेंडूच्या पाठीवर घासली गेली. भिंतीने नेहमीसारखी बॅट खाली आणली, पण चेंडू इतका फिरत होता की तिच्या बॅटवरून उडाला आणि टेबलाबाहेर पडला. भिंतीने स्वतःच्या बॅटकडे पाहिलं.

तो गेम वहिनीचा झाला, मग चौथाही. आता ठरायचं होतं शेवटच्यात.

भिंत काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. नऊ-नऊ असताना तिने तोच चॉपचा हात फिरवला, पण चेंडू कापलाच नाही. फिरकीच नव्हती त्यात. वहिनीने सवयीने सगळा जोर वरच्या दिशेने लावला. खाली ओढणारं काही नसल्यामुळे चेंडू टेबलाच्या पार पलीकडे गेला. आता एक गुण गेला की सामना गेला.

इथे ढकलत बसणं सोपं होतं. हॉलमधल्या सगळ्यांना वाटलं, आता ती तेच करणार.

चेंडू आला. वहिनीने भिंतीचं मनगट पाहिलं: या वेळी ते खरंच खाली गेलं होतं, बॅटचा खरखर आवाजही झाला. ती खाली बसली, पूर्वी कधी बसली नसेल इतकी, आणि उठली. चेंडू भिंतीच्या बॅटवरून उंच परत आला आणि वहिनीने तो मारून टाकला. दहा-दहा. आता दोन गुणांची आघाडी घेईल तिचा सामना.

पुढचा गुणही तसाच मिळाला. त्यानंतर भिंतीने पुन्हा फसवा चेंडू टाकला. आवाज आला नाही, चेंडू जड न होता सरळ तरंगत आला. वहिनीने बॅट आणखी झुकवली, वर न्यायचं ते पुढे नेलं, कंबर पूर्ण फिरवली. चेंडू कोपऱ्यावर पडला. भिंत धावली, पोचली नाही.

नणंदेने निकाल सांगितला. आवाज नेहमीसारखा ठेवायला तिला कष्ट पडले, ते सगळ्यांना कळलं.

भिंत टेबलाला वळसा घालून आली आणि तिने वहिनीचा हात हातात घेतला. तिला हरणं आवडलं नव्हतं आणि ते ती लपवतही नव्हती. "तो चेंडू बाहेर गेला तेव्हा मला वाटलं, आता घाबरशील."

"घाबरलेच होते," वहिनी म्हणाली.

"मग?"

"घाबरून उभं राहिलं तरी चेंडू जाळ्यातच जातो. म्हटलं, वाकूनच घाबरावं."

भिंत हसली नाही, पण तिचा हात सोडायलाही तिला थोडा वेळ लागला. "राखीव खेळाडू म्हणून संघाबरोबर मीच येणार आहे," ती म्हणाली. "एवढ्यातच माझा फसवा चेंडू ओळखायला लागलीस. सकाळी मी पण येते. आता दुसरा फसवा चेंडू शोधायला हवा."

"सहाला ये," नणंद खुर्चीवरून उतरत म्हणाली. "उशिरा आलीस तर बादली तुला उचलायला लावीन."