दुपारची पाच युनिटं

लेकीने जे सांगायचं ते रविवारी, काकडी चिरता चिरता, अगदी साध्या आवाजात सांगितलं. लग्न करायचं नाही. मूलही नको. आत्ता नको असं नाही, नकोच. चार वर्षं विचार केलाय. तेव्हा माझ्यासाठी स्थळं बघणं बंद करा.

तपासनीसांनी हातातलं वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "कोण आहे तो?"

तीस वर्षं वीज खात्यात मीटर तपासण्यात गेलेल्या माणसाच्या तोंडी दुसरा प्रश्न येणारच नव्हता. नोकरीत त्यांना सगळे 'एक्स-रे' म्हणत. मीटरला लावलेलं सील नुसतं बघून ते सांगत, हे कुणीतरी उघडून परत बसवलंय. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण खोड काही निवृत्त झाली नव्हती. दुकानदाराने दोन रुपये कमी घेतले तरी यांना वाटायचं, कुठेतरी पाणी मुरतंय.

"कोणी नाही, बाबा," लेक म्हणाली.

बायको तोवर हात पुसत बाहेर आली होती. तिने दुसराच प्रश्न विचारला. "कसला रिपोर्ट आलाय का? डॉक्टर काही म्हणाले का? खरं सांग, मी रागावणार नाही."

"तब्येत ठणठणीत आहे, आई."

मग पाऊण तास प्रश्नांची सरबत्ती झाली. कुणी फसवलं का. लहानपणी कुणी काही केलं का. त्या लग्न न झालेल्या मैत्रिणीने हे डोक्यात भरवलं का. आमच्या भांडणांचा परिणाम का. म्हातारपणी कोण बघणार. तपासनीसांना तर वाटत होतं, एवढी स्थिर उत्तरं देणाऱ्या माणसाने ती आधी पाठच केलेली असतात. लेक दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. एकेक दात घासून नेमका बसवायची सवय असलेल्या त्या पोरीने एकेका प्रश्नाला तसंच उत्तर दिलं. म्हातारपणाच्या प्रश्नावर ती एवढंच म्हणाली, "तुम्ही मला त्यासाठी जन्माला घातलं होतं का? मग मी तरी कशी घालू?"

बायको रडली. तपासनीसांनी वर्तमानपत्राची घडी उलगडून पुन्हा घातली.

निघताना लेक दारात थांबली. "आज विचारलंत ते बरं केलंत. अजूनही काही असेल तर मला विचारा, कितीही वेळा. फक्त माझ्यामागे चौकशा करू नका. मी सांगितलेलं तुम्ही बाहेर पडताळून बघायला लागलात ना, तर मग मी काही सांगणारच नाही. इथे येणंही मला जमणार नाही."

"बरं," तपासनीस म्हणाले.

लेक नुसती धमकी देणाऱ्यातली नव्हती, हे ते पक्कं जाणून होते. आठवीत एकदा ठरवलं म्हणून ती तीन वर्षं आत्याशी बोलली नव्हती. रविवारचं तिचं येणं हाच या घरातला आठवड्याचा एकमेव चांगला दिवस होता, आणि तो घालवायची त्यांची छाती नव्हती. तरी सोमवारी सकाळी त्यांनी त्या मैत्रिणीला फोन केलाच. म्हटलं, सहज केला. मैत्रीण म्हणाली, "काका, तिलाच विचारा ना." झालं. हिलाही पढवून ठेवलंय, असं त्यांनी मनाशी नोंदवलं.

विवाह मंडळात त्यांनी लेकीची माहिती महिन्यापूर्वीच दिली होती, फोटोसकट. एका इंजिनिअर मुलाचे वडील भेटायची तारीख मागत होते. त्यांना तपासनीसांनी कळवलं, सध्या मुलगी कामात आहे, दोन महिन्यांनी बघू. दोन महिन्यांत छडा लावायचा, असा त्यांचा हिशेब.

छडा लावायची त्यांना एकच रीत येत होती. माणूस खोटं बोलेल, शेजारी खोटं बोलतील, मीटर खोटं बोलत नाही. लेकीचं घर पंधरा मिनिटांवर होतं, तिसऱ्या मजल्यावर. सगळ्यांची मीटरं तळमजल्यावर जिन्याखाली एका रांगेत. ती साडेनऊला कामावर जायची, सहाला परतायची. तपासनीस पावणेदहाला जाऊन आकडा टिपायचे, पाचला परत. मधल्या वेळात घरात चालू काय, तर फ्रिज. त्याचं अर्धं युनिट, फार तर पाऊण.

सोमवार, अर्धं. मंगळवार, पाच.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. पाचच. बुधवार, गुरुवार पुन्हा अर्धं. शुक्रवारी साडेपाच. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्याही आठवड्यात तेच. मंगळवार आणि शुक्रवार. लेक कामावर असताना कुणीतरी तिच्या घरात चार-चार तास बसत होतं, आणि तेही काहीतरी दणदणीत लावून. पाच युनिटं पंख्याने जळत नाहीत. ही इस्त्री तरी असणार, गिझर, नाहीतर हीटर. म्हणजे आरामात राहणारा माणूस. घरची किल्ली असलेला, दिवसा मोकळा, उजेडात तिच्यासोबत दिसायची सोय नसलेला. विवाहितच असणार! तपासनीस हादरले, आणि खोटं कशाला बोला, थोडं समाधानही वाटलं. आपलं नाक अजून शाबूत आहे.

बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. ती बिचारी आधीच खचलेली. तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे आठवड्यातून दोनदा तिकडे जाऊन बसायची. पहिल्या रविवारनंतर ती या विषयावर चकार शब्द बोलली नव्हती. तपासनीसांना वाटलं, हाय खाल्लीय.

चौथ्या आठवड्यातल्या शुक्रवारी त्यांनी कपाटातून लेकीच्या घराची किल्ली काढली. अडीअडचणीला असू दे, म्हणून लेकीने दिलेली. याहून मोठी अडचण ती कोणती, असं स्वतःला बजावत ते दुपारी एकला जिना चढले. दाराला कान लावला. आत हालचाल नाही. त्यांनी किल्ली अशी फिरवली की आवाज म्हणून झाला नाही. धाडीची सवय.

बाहेर थंडी होती, खोलीत ऊब होती. खिडकीजवळच्या खुर्चीत, स्टुलावर पाय पसरून, मोजे घालून, हीटरच्या लाल उजेडात त्यांची बायको बसली होती.

तिने त्यांच्याकडे बघितलं आणि पहिलं काय केलं, तर वाकून हीटरचं बटण बंद केलं. घरी हीटर आणायचा नाही, हा बत्तीस वर्षांचा नियम. हीटर म्हणजे युनिटं खाणारा राक्षस, हे वाक्य तिने हजार वेळा ऐकलं होतं.

"तू?" तपासनीस म्हणाले. "तू बहिणीकडे..."

"ती महिन्यापूर्वीच चालायला लागली. तुम्ही कधी फोन करून विचारलंत तिला?"

ते दिवाणावर बसले. बायको मात्र उठली नाही. पाय खाली घेतले, एवढंच.

"इथे काय करतेस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच करत नाही. तेच करायला येते. घरी जमत नाही ते. त्या रविवारनंतर मंगळवारी मी भांडायलाच आले होते हिच्याशी. सगळं ठरवून आले होते, काय काय बोलायचं ते. ही नेमकी कामावर निघालेली. म्हणाली, बस, सहाला येते, मग हवं तेवढं भांड. मी बसले. दार वाजलं नाही. कुणी चहा मागितला नाही. कुणी विचारलं नाही, काय गं, का बसलीस. दिवसभर मी नुसती बसले होते. सहाला ही आली तेव्हा माझ्याकडे भांडायला काही उरलंच नव्हतं."

"म्हणजे तुला पटलं तिचं?"

"पटलं की नाही, माहीत नाही. रडू अजूनही येतं. नातवंडांचे कपडे मी मनात किती वेळा शिवलेत, ते तुम्हाला नाही कळायचं. पण ती लपवत काही नाहीये, हे कळलं. या घरात लपवायला काही नाहीच. मी कपाटंसुद्धा उघडून बघितली पहिल्या दिवशी." ती ओशाळून हसली. "मग मला माझीच लाज वाटली. संध्याकाळी तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, आता बघून झालं ना, मग ही किल्ली घे आणि हवं तेव्हा ये."

तपासनीसांनी खिशातली छोटी वही बाहेर काढली. का काढली, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बायकोने ती घेतली, पानं उलटली. तारखा, वेळा, आकडे. मंगळवार आणि शुक्रवारभोवती लाल गोल.

"हे मी," ती एका गोलावर बोट ठेवून म्हणाली. "आणि हेही मीच."

त्यांनी वही परत घेतली. बत्तीस वर्षं जी बाई शेजारी झोपते ती मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी कुठे असते, हे गावभरच्या चोऱ्या पकडणाऱ्या माणसाला ठाऊक नव्हतं. त्यांना फार एकटं वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "तुला कुणी विचारलं असतं, लग्नाच्या आधी... तर तू काय म्हणाली असतीस?"

"मला कुणी विचारलंच नाही. तुम्हीसुद्धा. आज विचारताय." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "उत्तर मला खरंच माहीत नाही हो. तुम्ही नको होतात असं नाही. ही नको होती असं तर मुळीच नाही. पण हिने चार वर्षं विचार केला, मला चार दिवससुद्धा मिळाले नाहीत. तोच करतेय आता, आठवड्यातून दोन दुपारी."

तेवढ्यात तपासनीसांचा फोन वाजला. इंजिनिअर मुलाचे वडील. बायकोने नाव वाचलं आणि त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी फोन कानाला लावला.

"हो, बोलतोय. नाही, दोन महिन्यांचं विसरा. सध्या नाही असं नव्हे... मुलीला लग्न करायचं नाही. कधीच नाही."

पलीकडून आवाज खाली आला, अगदी आपुलकीचा. "असं होय. कोण आहे मग? का तब्येतीचं काही? आपल्यात राहील, सांगा की."

आपलाच आवाज कुणीतरी परत ऐकवावा, तसं तपासनीसांना झालं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "तब्येत ठणठणीत आहे. तिने सांगितलंय, तेवढंच आहे." आणि पलीकडचा माणूस नाही-नाही म्हणत असताना त्यांनी फोन बंद केला.

मग त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली, तिच्याशेजारी वही. "आज संध्याकाळी ती आली की दे तिला. नाही, नको देऊस. रविवारी मीच देईन. मैत्रिणीला फोन केला तेही सांगेन."

"ती उठून जाईल कदाचित."

"जाईल," तपासनीस म्हणाले. त्यांनी दोन्ही वस्तू पुन्हा खिशात घातल्या आणि उभे राहिले. "तू कधी येशील घरी?"

"साडेचारला. नेहमीसारखी."

दारापर्यंत जाऊन ते परत फिरले. खोली गार व्हायला लागली होती आणि बायकोने पाय पदरात घेतले होते. त्यांनी वाकून हीटरचं बटण दाबलं, तो लाल होईपर्यंत थांबले, आणि दार हळूच ओढून घेऊन खाली उतरले.