हजाराच्या अलीकडे

मास्तर ब्रोकरच्या ऑफिसात आले की ऑर्डरी लावणारी डीलर मुलगी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवायची. त्यांच्या दिवंगत पत्नीने एका कंपनीचे शेअर घेऊन ठेवले होते. "हजार झाला की विकू, आणि नातीला व्हायोलिन घेऊ," असं ती म्हणायची.

भाव दोनदा हजाराच्या तोंडाशी येऊन मागे फिरला होता. आज तो पुन्हा नऊशे नव्वदवर होता.

"असं का होतं गं?" मास्तरांनी विचारलं.

मुलीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हे बघा, विकणाऱ्यांच्या ऑर्डरी. हजार हा आकडा सगळ्यांच्याच मनात बसलाय, म्हणून तिथे ही झुंबड. एवढा माल उचलणारे आले, तरच भाव वर जाईल. नाही आले, तर पुन्हा घसरेल. आपण त्या आधीच, नऊशे शहाण्णवला विकायला लावू या का?"

"पण ती हजार म्हणाली होती."

मास्तरांनी स्क्रीनवरची ती झुंबड पुन्हा पाहिली. मग एकदम हसले. "ती गर्दीत कधी उभी राहिली नाही. भाजीच्या बाजारातसुद्धा सगळ्यांच्या आधी जाऊन यायची. लाव शहाण्णवला. पण एक शेअर राहू दे."

दुपारी सौदा झाला. भाव नऊशे अठ्ठ्याण्णवपर्यंत चढला आणि पुन्हा खाली आला.

"उरलेला एक शेअर हजारला लावून ठेवू?" मुलीने विचारलं.

"नको. तिने घेतलेलं काहीतरी घरात असू दे," मास्तर म्हणाले, आणि व्हायोलिनच्या दुकानाचा पत्ता विचारू लागले.