राहिलेलं टायट्रेशन

मुलं पाठीमागे मला ‘ॲसिड’ म्हणत, हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मी ते मिरवतही असे. त्यामुळे बारावीतलं कुणी माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवून जाईल, असं कधी वाटलं नव्हतं.

‘आदरणीय सर, कावीळ झाल्यामुळे मी तीन आठवडे गैरहजर होते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. माझा परमँगनेटच्या टायट्रेशनचा प्रयोग राहिला आहे. मैत्रीण तिची रीडिंग्ज द्यायला तयार आहे, पण तो रंग येताना मी पाहिलेलाच नाही. शुक्रवारी जर्नल तपासायला द्यायचं आहे. आपली गैरसोय होणार नसेल तर त्याआधी एकदा करू द्याल का? काचेची भांडी मी धुऊन ठेवीन. आपली विद्यार्थिनी, रोल नंबर सत्तेचाळीस.’

मी चिठ्ठी दोनदा वाचली आणि मला रागच आला. जर्नल पूर्ण असल्याची माझी सही नसेल, तर वार्षिक प्रॅक्टिकलला बसू देत नसत. म्हणून गैरहजर मुलं शेजाऱ्याची रीडिंग्ज उतरवत, मी काणाडोळा करी आणि सगळ्यांचं सुरळीत चाले. ही बया निघाली नियम पाळायला!

तरी गुरुवारी दुपारी, वर्ग सुटल्यावर, तिला बोलावलं.

प्रयोगशाळेत मामा होते. काचेच्या भांड्यांवर जिवापाड माया करणारे आमचे प्रयोगशाळा परिचर. ते म्हणाले, “सर, नवीन द्रावण करतो. अर्धा तास लागेल.”

“एका मुलीसाठी? खिडकीतल्या बाटलीत उरलंय की. तेच द्या.”

मामा पुटपुटत गेले. काय ते मी ऐकलं नाही, ऐकायला हवं होतं.

मुलगी अगदी वाळली होती. डोळ्यांत अजून पिवळेपणाची झाक होती. पण काम नेटकं. ब्युरेटच्या उभ्या मापनळीत परमँगनेट भरलं, आणि ते गडद असल्यानं रीडिंग वरच्या कडेला घ्यायचं, हे न सांगता तिनं केलं. चंबूत दहा मिलिलिटर ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात सौम्य सल्फ्युरिक ॲसिड, मग बर्नरवर चंबू हाताला सोसेनासा होईपर्यंत गरम. ब्युरेटमधून सोडलेले पहिले जांभळे थेंब रेंगाळत विरले, पुढचे पटापट. शेवटी फिकट गुलाबी रंग आला आणि तसाच राहिला. “आला!” ती एवढ्या जोरात ओरडली की मामा दचकले. इतकी वर्षं मी तो रंग बघत होतो, पण त्या दुपारी मलाही तो नवा वाटला.

रीडिंग आलं दहा पॉइंट आठ मिलिलिटर. दुसऱ्यांदा दहा पॉइंट आठ. तिसऱ्यांदाही तेच.

सगळ्या वर्गाचं दहा होतं. तिचा चेहरा उतरला. “सर, माझा हात थरथरला असेल. आजारामुळे.”

“असेल. दहा लिही आणि घरी जा. सही करतो.”

तिनं पेन उचललं, परत ठेवलं. “पण सर, दहाला रंग आला नव्हता.”

मी वैतागून उठलो. आता दाखवतोच हिला, असं म्हणत स्वतः टायट्रेशन केलं. दहा पॉइंट आठ.

मामांनी बाटली माझ्यापुढे आणून ठेवली. उजेड अडवणारी तांबडी बाटली फुटल्यापासून आम्ही साधीच वापरत होतो. वर्गाचा प्रयोग झाल्यापासून तीन आठवडे ती उन्हात उभी होती. तळाशी तपकिरी गाळ बसला होता. परमँगनेट कमजोर झालं होतं, म्हणून जास्त लागत होतं. आणि प्रयोग मुळात होता तरी कसला? परमँगनेटची तीव्रता काढण्याचा! पोरीनं त्या बाटलीची तीव्रता बिनचूक काढली होती, आणि मी तिला ती खोडायला सांगत होतो.

“तुझं बरोबर आहे,” मी म्हणालो. “चूक माझी. दहा पॉइंट आठच लिही.”

तिनं लिहिलं, गणित केलं, मी सही केली. इतक्या जर्नलांवर सह्या केल्या, पण तेवढ्या मनापासून क्वचितच. ती हसली आणि सहज विचारून गेली, “सर, असं आधी कुणाचं आलं होतं?”

खोटं बोलता आलं असतं. “एकाचं आलं होतं,” मी म्हणालो. “चार वर्षांपूर्वी. तोही आजारी होता. त्यालाही उरलेलं द्रावण दिलं होतं. मी लाल शाईनं त्याचं रीडिंग खोडलं, सगळ्या वर्गासमोर. तो म्हणत होता, तीनदा तेच आलंय.”

“मग?”

“मग त्यानं दहा लिहिलं. पुढे कधी काही विचारायला आला नाही.”

“सर, त्याला कळवा ना,” ती म्हणाली.

मी हो म्हणालो. आता मला निवृत्त होऊनही अकरा वर्षं झाली. त्याचा पत्ता शाळेच्या नोंदवहीत होता, मी तो उतरवूनही घेतला होता. अजून कळवलेलं नाही.